नावाचा नाद, कामाचा नाद

‘ज्यात वेळेचं भान हरपतं, तीच तुझी खरी आवड,’ हा सल्ला हल्ली करिअरच्या प्रत्येक व्याख्यानात ऐकू येतो. दर चार महिन्यांनी नवं खूळ लागणाऱ्या तरुणाला तो देणं मला निव्वळ बेजबाबदारपणाचं वाटतं. भान हरपण्याची त्याला कधी वाण नसतेच. जानेवारीत तो डेटा ॲनालिसिसच्या पायी रात्र रात्र जागतो, मे महिन्यात यूएक्स डिझाइनपायी, दिवाळीच्या सुमारास शेअर बाजारापायी. त्याची अडचण अशी की तिन्ही वेळा भान खरोखरच हरपलेलं असतं.

या सल्ल्याला मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या ‘फ्लो’चा आधार दिला जातो. पण त्यांनी वर्णिलेली तंद्री आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला की लागते. नवशिक्याचा कोर्स हा मेळ आयता बसवून देतो. दहा मिनिटांचा व्हिडिओ, मग जेमतेम सुटेल एवढंच उदाहरण, मग शाबासकी. तंद्री लागते, पण त्यात कोर्स रचणाऱ्याचं कसब जास्त असतं. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना आधी स्टीफन हॉकिंग यांच्या विचारांवरचा कृष्णविवरांविषयीचा रंजक व्हिडिओ दाखवला आणि मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. व्हिडिओने बहुतेकांना भुरळ घातली. लेखापाशी मात्र उत्साह ओसरला, आणि आवड ही आतून ‘सापडायची’ गोष्ट आहे असं मानणाऱ्यांचा तो अधिक ओसरला. म्हणजे भान हरपण्याची वाट पाहत बसणारा माणूस अवघड पानापाशी सर्वांत आधी हात टेकतो. हीच तंद्री वर्षभर टिकली तर तिला आवड म्हणावं का? तरीही नाही. वर्षभर एकामागून एक प्राथमिक कोर्स करणारे लोक मी पाहिले आहेत. ते सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा भेटत असतात.

‘सहा महिने दातओठ खाऊन टिकून राहा’ या सल्ल्याने चिकाटी मोजली जाते, ओढ नाही. ‘तू बहुगुणी आहेस’ हे तर सांत्वन झालं.

मला फरक दिसतो तो पेशाच्या नावाची ओढ आणि त्यातल्या रोजच्या कामाची ओढ यांत. डेटा ॲनालिसिसचंच घ्या. शिकताना हाती येते टायटॅनिकवरच्या ८९१ प्रवाशांची प्रसिद्ध यादी. तिच्यातल्या त्रुटी कुठे आहेत आणि त्या कशा भरायच्या, हे हजारोंनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. मॉडेल चालतं, आलेख उमटतो, मन भरून येतं. मग एखाद्या संस्थेची खरी फाइल समोर येते. तिच्यात एकाच तालुक्याचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं, काही तारखांत दिवस आधी तर काहींत महिना आधी, आणि वयाच्या रकान्यात अधूनमधून शून्य. या पेशातला मोठा वेळ अशा साफसफाईतच जातो. ‘हे एकदाचं संपू दे, म्हणजे मॉडेल चालवता येईल,’ असं ज्याला वाटतं, त्याला मॉडेलची मोहिनी होती. ‘ही शून्यं एकाच केंद्रातून का येतायत?’ असं ज्याला न सांगता सुचतं आणि जो तिथे फोन लावतो, त्याला कामाने धरलेलं असतं. पहिल्याला कुतूहल कोर्सने पुरवलं होतं, दुसऱ्याला ते फाइलीतल्या घाणीनेच पुरवलं.

माझ्या ओळखीतली एक मुलगी डेटावरून यूएक्सकडे आणि तिथून पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाकडे गेली, तेव्हा घरच्यांनी तिला चंचल ठरवलं. मी तिला प्रत्येक ठिकाणचं कोणतं काम कुणी न सांगता केलं ते विचारलं. डेटात तिने फॉर्म भरणाऱ्या सेविकांना गाठून ‘वय माहीत नसेल तर काय लिहिता?’ असं विचारलं होतं. यूएक्समध्ये स्क्रीन आखण्याचा तिला लवकरच कंटाळा आला, पण लोक ॲपमध्ये कुठे अडतात हे त्यांच्या शेजारी बसून ती दिवसभर पाहत असे. पत्रकारितेत बातमी लिहिणं तिला जड गेलं, मुलाखती नाहीत. पाटी दोनदा बदलली, काम तेच राहिलं. एडवर्ड स्ट्राँग यांनी १९२७ साली आवडींची प्रश्नावली तयार केली, तेव्हा केवळ व्यवसायांची नावं न विचारता शाळेतले विषय, करमणूक, हातून होणारी कामं, कसली माणसं आवडतात, असंही विचारलं होतं. त्यांना पुढे वर्षानुवर्षं टिकलेला दिसला तो या सगळ्या पसंतीनापसंतीचा एकत्रित साचा.

शेजारी बसून पाहण्याच्या कामाला पगार कोण देईल, हा तिच्या वडिलांचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि माझ्या कसोटीपाशी त्याचं उत्तर नाही. शिवाय खरी फाइल हाती येईपर्यंत ही कसोटी लागूच होत नाही. म्हणून पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी त्या क्षेत्रातलं एखादं छोटं, पण खऱ्या गिऱ्हाइकाचं काम शेवटपर्यंत करून पाहावं, एवढंच मी तिला सुचवलं. सध्या ती एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीजवळ बसून रुग्ण फॉर्मवर कुठे थबकतात ते टिपते आहे.