ग्रहण, गरोदर सून आणि वेल्डिंगची काच

साकीनाक्याला आमच्या चाळीच्या पटांगणात परवा ग्रहणावर बोललो. समोर बसलेली बहुतेक मंडळी कोकणातून नाहीतर घाटावरून इथे पोटापाण्यासाठी आलेली. तोंडावर कुणी फारसं विचारलं नाही, पण जाताना चिठ्ठ्या ठेवून गेले. त्यांतल्या तीन चिठ्ठ्यांची ही उत्तरं.

शंका : सर, २०२५ च्या ७ सप्टेंबरला चंद्रग्रहण होतं तेव्हा सून पाच महिन्यांची होती. दुपारपासून तिला पाणीसुद्धा दिलं नाही, विळीला हात लावू दिला नाही. नातू सुखरूप आहे. म्हणजे आम्ही पाळलं ते बरोबरच ना?

समाधान : आजी, नातू सुखरूप आहे याचा आनंदच आहे. पण पलीकडच्या गल्लीत त्याच रात्री कुणी कांदा चिरला, कुणी भाकऱ्या थापल्या. त्यांच्या घरची मुलंही तुमच्या नातवासारखीच धडधाकट आहेत. मग श्रेय विळी न धरण्याला कसं द्यायचं?

भीती असते ती ओठ फाटण्याची. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ दोन बाजूंनी वाढत येऊन मध्ये सांधला जातो, आणि हे काम साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकतं. कितीतरी बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. टाळूही तिसऱ्या महिन्यापर्यंत जुळते. सून पाचव्या महिन्यात होती, म्हणजे नातवाचा ओठ केव्हाच सांधला गेला होता. सांधलेला ओठ विळीने किंवा चंद्रावर पडलेल्या पृथ्वीच्या सावलीने पुन्हा उसवत नाही.

खरा त्रास झाला तो सुनेला. त्या रात्री चंद्र सावलीत शिरू लागला ९ वाजून ५७ मिनिटांनी आणि पुरता बाहेर आला १ वाजून २७ मिनिटांनी. वेध धरले तर दुपारी एकपासून, म्हणजे बारा तासांवर घशात थेंब नाही. गरोदर बाईला एवढा वेळ पाणी न मिळणं वाईट. चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते. पंचांगकर्तेही लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी वेध कमी करून देतात, ती ओळ वाचायची राहून जाते. तुम्ही स्नान करा, जप करा, त्याला माझी ना नाही. सुनेला मात्र जेवू द्या.

शंका : २०२७ च्या २ ऑगस्टचं सूर्यग्रहण आम्ही गाळ्यातल्या वेल्डिंगच्या काचेतून बघणार आहोत. चालेल ना?

समाधान : नाही. ग्रहणात भ्यायचं असेल तर ते इथे भ्यावं. साकीनाक्याच्या गाळ्यांत वेल्डर लावतात ती काच बहुधा १० किंवा ११ नंबरची असते, सूर्यासाठी १४ नंबर लागतो. मधल्या नंबरांचा फरक किरकोळ वाटतो, पण प्रत्येक नंबराला उजेड अडीच पटींहून अधिक घटतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, हेही नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. त्या क्षणी काहीच होत नाही, आणि काही तासांनी नजरेच्या ऐन मध्यावर डाग दिसायला लागतो. तो कधी जातो, कधी कायमचा राहतो.

त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरला सूर्य सहा मिनिटांहून अधिक वेळ पूर्ण झाकला जाईल. मुंबईत ग्रहण खंडग्रासच आहे, म्हणून इथे उघड्या डोळ्यांनी बघण्याजोगा एक क्षणही नाही. ग्रहणाचे खास चष्मे मिळतात, त्यांवर ISO 12312-2 असं छापलेलं बघा. चष्म्यावर चरा किंवा भोक दिसलं तर फेकून द्या.

त्याहून सोपं म्हणजे सूर्याकडे पाठ करा आणि पिठाची चाळणी उन्हात धरा. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडलंत तरी चालेल. मीटरभर अंतरावरच्या कागदावर सूर्य साधारण ९ मिलिमीटरचा उमटतो, दोन मीटरवर त्याच्या दुप्पट. आमच्या घराच्या पत्र्याला खिळ्याची जुनी भोकं आहेत. एरवी त्यांतून भिंतीवर उजेडाची गोल नाणी पडतात. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी साडेनवाच्या सुमारास त्या सगळ्या नाण्यांच्या चंद्रकोरी झाल्या होत्या. शेजारच्या मावशी ग्रहण सुटेपर्यंत उंबरा ओलांडणार नव्हत्या. त्यांनी ग्रहण घरात बसूनच बघितलं, तेही भिंतीवर.

शंका : २०२७ च्या २ ऑगस्टला ग्रहणाच्या दिवशीच दिव्याची अवस आहे, शिवाय सोमवार. कणकेचे दिवे करायचे की नाही? केलेलं अन्न टाकून द्यायचं का?

समाधान : पूजा कधी करायची ते तुमच्या गुरुजींना विचारा, तो माझा प्रांत नाही. पण उकडलेले दिवे ग्रहणाने नासत नाहीत. ऑगस्टच्या दमट हवेत तासन्‌तास उघडे राहिले तर नासतात, आणि ते ग्रहण नसतानाही. झाकून ठेवा, वेळेत खा. अन्न टाकू नका.

पावसाने उघडीप दिली तर २ ऑगस्टला दुपारनंतर मी पटांगणात असेन. येताना घरची चाळणी घेऊन या.