किल्ली फिरवणाऱ्याचा प्रश्न

१९७३ सालच्या शेवटाची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग हवाई तळावर काही अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालू होतं. जमिनीखालच्या खोलीत दोघांनी बसायचं, आदेश आला की तो खरा आहे की नाही हे सांकेतिक शब्दांवरून तपासायचं आणि दोघांनी एकाच वेळी आपापली किल्ली फिरवायची. ‘मिनिटमन’ नावाची अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं त्यानंतर आकाशात झेपावतात आणि साधारण अर्ध्या तासात रशियात पोचतात. एकट्या माणसाला ते करता येऊ नये म्हणून दोन्ही किल्ल्या मुद्दाम एकमेकींपासून लांब ठेवलेल्या.

त्या वर्गात मेजर हॅरल्ड हेरिंग होते. व्हिएतनाममध्ये बचाव हेलिकॉप्टर चालवून आलेले. त्यांनी विचारलं, की मला मिळालेला आदेश शुद्धीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षानेच दिलाय, हे मला कसं कळणार?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती साधा प्रश्न! याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असणारच. नव्हतं. सांकेतिक शब्दांवरून एवढंच कळत होतं की आदेश योग्य जागेवरून आलाय. देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे तपासायची सोय नव्हती. खाली किल्ली फिरवायला दोन माणसं लागत, वर निर्णय घ्यायला एकच पुरे होता. हेरिंग यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. ‘किल्ली फिरवणार नाही’ असं ते म्हणालेच नव्हते. तरी त्यांना प्रशिक्षणातून काढलं गेलं. मग चौकशी झाली. ही माहिती त्यांच्या कामासाठी गरजेची नाही, असं हवाई दलाचं म्हणणं पडलं. १९७५ साली त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी ट्रक चालवला.

एका प्रश्नाची एवढी भीती का वाटावी? याचं उत्तर शीतयुद्धाच्या गणितात आहे.

साठच्या दशकात अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी हिशोब मांडला, की शत्रूने आधी हल्ला केला तरी आपल्याकडे इतकी अस्त्रं शिल्लक हवीत, की त्याची पाचवा ते चौथा हिस्सा लोकसंख्या आणि निम्मे कारखाने नष्ट करता येतील. ही खात्री असेल तर शत्रू हल्ला करणारच नाही. सोव्हिएत संघाकडेही तीच ताकद आल्यावर तो परस्परांच्या विनाशाची हमी देणारा सौदा झाला. इंग्रजीतल्या त्याच्या नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘मॅड’ होतं, म्हणजे वेडा. हे नाव डोनाल्ड ब्रेनन या टीकाकाराने खवचटपणे चिकटवलं आणि ते टिकलं.

या तर्कात बचाव करणंसुद्धा धोक्याचं ठरतं. एकाने आपली शहरं वाचवणारी ढाल बनवली, तर त्याला दुसऱ्याची भीती उरणार नाही. म्हणून १९७२ साली दोघांनी करार करून क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणांवर कडक मर्यादा घातल्या. आपापली शहरं उघडी ठेवायची, हे दोघांनीही मान्य केलं. मॉस्को आणि न्यूयॉर्कमधली मुलंबाळं त्या करारात ओलीस होती.

हा सगळा डोलारा एकाच विश्वासावर उभा होता. वेळ आली तर समोरचा किल्ली फिरवणारच. म्हणून किल्लीपाशी बसलेला माणूस नुसता प्रश्न विचारतो, तेव्हाही त्या विश्वासाला तडा जातो.

आता नैतिक पेच बघा. समजा, धाक फसला आणि शत्रूची क्षेपणास्त्रं निघाली. आपली शहरं जाणारच आहेत. या क्षणी किल्ली फिरवून त्यातलं कोण वाचणार? कुणीच नाही. मरतील ते पलीकडचे लाखो लोक, ज्यांना हा निर्णय कुणी विचारलाही नव्हता. म्हणजे किल्ली फिरवणं हा निव्वळ सूड. पण ‘मी सूड घेणार नाही’ हे आधीच कळलं, तर धाक उरत नाही आणि हल्ल्याची शक्यता वाढते. ग्रेगरी कावका या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७८ साली हा पेच नेमका मांडला. जे करणं चूक आहे, ते करण्याचा खराखुरा इरादा बाळगणं बरोबर असू शकतं का?

यावर सुचणारी पळवाट म्हणजे थाप. धमकी द्यायची, मनात मात्र ठरवायचं की वेळ आली तरी करायचं नाही. राष्ट्राध्यक्षाला हे जमेलही, त्याच्या मनात कोण डोकावणार? पण जमिनीखाली बसलेल्या अधिकाऱ्याला जमत नाही. त्याची निवड, त्याचा सराव, त्याच्या परीक्षा, सगळं तो खरंच किल्ली फिरवेल याची खात्री करण्यासाठीच असतं. वरच्याला थाप मारता यावी, म्हणून खालच्याने मनापासून तयार राहायचं. पापाचा इरादा असा पगारी नोकराच्या वाट्याला येतो. मला या धोरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

हेरिंग यांच्यानंतर दहा वर्षांनी, २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर, मॉस्कोच्या दक्षिणेला एका तळघरात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव ड्यूटीवर होते. उपग्रहांच्या यंत्रणेने इशारा दिला की अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघालंय. मग आणखी चार. काही आठवड्यांपूर्वीच सोव्हिएत विमानांनी कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, त्यामुळे तणाव टोकाला गेला होता. पेत्रोव यांच्या हाती किल्ली नव्हती. त्यांचं काम वर कळवायचं. पण त्यांनी ‘हल्ला’ असं कळवलं असतं, तर वरच्यांकडे निर्णयाला मोजकीच मिनिटं उरली असती.

त्यांनी कळवलं, की इशारा खोटा आहे. का? युद्ध सुरू करणारा पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात करत नाही, हे एक. यंत्रणा नवी होती, तिच्यावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता, हे दुसरं. जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. पण क्षेपणास्त्रं क्षितिजावर येईपर्यंत ती रडारला दिसणारच नव्हती, म्हणजे तो पुरावा लंगडाच. आपल्याला खात्री नव्हती, हे त्यांनी पुढे कबूल केलं. नंतर कळलं, की उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रह फसले होते. पेत्रोव यांना बक्षीस मिळालं नाही. उलट, त्या वेळी नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी बसली.

कुणी म्हणेल, पण धाक चाललाच ना? शीतयुद्धात महायुद्ध झालं नाही. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. दोन्हीकडचे नेते घाबरून वागले, त्यामागे ही भीती नक्कीच होती. पण १९८३ च्या त्या रात्री धाकाने कुणाला वाचवलं नाही. धाकाच्या नियमानुसार इशारा वर जायला हवा होता. वाचवलं ते एका माणसाच्या शंकेने.

आणि ही शंका अगदी काढून टाकायचं धाडस सोव्हिएत संघालाही झालं नाही. १९८५ पासून त्यांनी ‘पेरिमीटर’ नावाची यंत्रणा चालू केली. नेतृत्व मारलं गेलं तरी प्रतिहल्ला व्हावा, यासाठी. ती पूर्ण आपोआप चालवता आली असती, पण शेवटी खोल तळघरात काही अधिकारी ठेवलेच. मशीनला सूडाची हमी देता येते. खोटा इशारा ओळखायचा, तर कुणीतरी कचरणारं लागतं.

म्हणून मला वाटतं, हा धाक स्वतःबद्दल खोटं बोलूनच टिकला. वरून सांगायचं, की इथे कुणी कचरणार नाही. आणि आतून जगायचं ते कुणीतरी कचरेल या भरवशावर. हेरिंग यांनी ते मोठ्याने विचारलं, त्यांची नोकरी गेली. पेत्रोव यांनी गुपचूप केलं, म्हणून तुम्ही-मी हे वाचायला आहोत.

हेरिंग यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना कुणी दिलं नाही.