चेहऱ्याची मुखत्यारी

लग्नाच्या समूहचित्रात, पाहुण्यांच्या दाटीत अर्धवट दिसणाऱ्या आत्याबाईंच्या चेहऱ्यापुढे भाच्याचा फोन त्यांचे नाव आपणहून मांडतो, तेव्हा त्याने त्यांना ओळखले असे आपण म्हणतो. परंतु माणूस माणसाला ज्या रीतीने ओळखतो तिच्याशी या क्रियेचे फारसे साम्य नाही. यंत्र प्रथम चित्रात चेहरा कोठे आहे एवढेच शोधते, डोळे आणि नाक ठरावीक जागी यावेत असा तो सरळ करून घेते, आणि मग त्याचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या ‘फेसनेट’ या पद्धतीत ही मालिका अवघ्या १२८ आकड्यांची होती. दोन मालिकांतील अंतर ठरावीक मर्यादेहून कमी भरले की दोन्ही चेहरे एकाच व्यक्तीचे मानावयाचे, एवढाच तेथला न्याय. म्हणूनच सख्ख्या बहिणी कधी एका गटात पडतात, आणि एकच मुलगी पाचव्या व पंचविसाव्या वर्षी दोन निरनिराळ्या व्यक्ती ठरते. नाव यंत्राला मुळात ठाऊक नसतेच. ते कोणीतरी कधीतरी लिहून दिलेले असते.

हे लिहून देण्याचा अधिकार कोणाचा, हा माझ्या मते या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. फेसबुकने २०१० च्या अखेरीस अशा सूचना आरंभिल्या तेव्हा सोय मूळचीच चालू ठेवली होती. पण ज्याला ती नको त्याने सेटिंगमध्ये जाऊन `No One` हा पर्याय निवडला, की मित्रांच्या छायाचित्रांतही त्याचे नाव सुचविले जात नसे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या २००८ च्या कायद्यानुसार अशा मोजमापाला आगाऊ लेखी संमती लागते. त्या आधारे झालेल्या दाव्यात ६५ कोटी डॉलरांची तडजोड २०२१ मध्ये मंजूर झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने ही व्यवस्था बंद करून शंभर कोटींहून अधिक लोकांचे चेहरेसाचे पुसण्याचे जाहीर केले.

गूगल फोटोजमधली कळ निराळी आहे. आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारून `Photos settings` मध्ये जावे आणि `Face Groups` बंद करावे. छायाचित्रे जागच्या जागी राहतात, मात्र चेहऱ्यांचे गट, त्यांसाठी तयार केलेले साचे आणि आपण दिलेली नावे पुसली जातात. परंतु ही मुखत्यारी केवळ आपल्या संग्रहापुरती आहे. आत्याबाईंनी स्वतःच्या फोनवर कळ दाबली तरी भाच्याच्या संग्रहातील त्यांचा गट अबाधित राहतो, आणि त्यांचे खातेच नसेल तर दाबावयास कळही नाही. त्यांना भाच्यालाच सांगावे लागेल. आणि त्यानेही तो चेहरा केवळ लपविला तर तो यादीतून दिसेनासा होईल इतकेच, साचा पुसावयाचा तर त्याला आपल्या खात्यातले `Face Groups` बंद करावे लागेल.