‘येशूही अवतारच ना?’

गेल्या कार्तिकात ऑफिसातला एक मित्र सुकेळी घेऊन आला. तो वसईचा, कॅथलिक. ही वाळवलेली केळी निर्मळच्या यात्रेत मिळतात आणि यात्रेला त्यांच्याकडचेही बरेच जण खरेदीला जातात, असं तो सांगत होता. खाता खाता मी सहज म्हटलं, "म्हणजे तुम्हीपण आमच्यातलेच. शेवटी येशूही अवतारच ना?"

मी हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. तो हसला, पण थोड्या वेळाने म्हणाला, "नाही रे. अवतार नाही. तुला वाटतं तू आम्हाला जवळ घेतोयस, पण आमची मुख्य गोष्टच त्यात पुसली जाते."

मला तेव्हा ते लागलं. मी बोईसरला वाढलो. लहानपणापासून ‘सगळे देव एकच’ हे ऐकलेलं, आणि हे वाक्य कुणाला खुपू शकतं, हे डोक्यातही आलं नव्हतं. मग ठरवलं की आधी आपला शब्द तरी नीट समजून घेऊ.

‘अवतार’ म्हणजे खाली उतरणं. ‘अव’ म्हणजे खाली, ‘तॄ’ म्हणजे तरणं, पार होणं. पण उतरतं कोण आणि किती? याचं उत्तर शोधायला आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेतो, परशुराम. महाभारतात गोष्ट आहे की त्याने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली. कश्यप म्हणाला, आता माझ्या जमिनीवर राहू नकोस. तेव्हा समुद्राने त्याच्यासाठी जागा करून दिली, ती शूर्पारक. परंपरेने ते शूर्पारक म्हणजे आजचं सोपारा, आपलं नालासोपारा. शेजारच्या निर्मळलाही परशुरामाच्या कथा सांगतात.

आता रामायणातला प्रसंग आठवा. लग्न करून राम मिथिलेहून अयोध्येला निघालाय आणि वाटेत परशुराम आडवा येतो. म्हणतो, शंकराचं धनुष्य मोडलंस, आता हे विष्णूचं धनुष्य पेलून दाखव. राम ते सहज चढवतो. त्या क्षणी परशुरामाचं तेज जातं, आणि हरलेला परशुराम महेंद्र पर्वतावर निघून जातो.

दशावताराच्या यादीत हे दोघं सहावा आणि सातवा. म्हणजे एकाच विष्णूचे दोन अवतार एकाच रस्त्यावर समोरासमोर उभे आहेत, आणि एक दुसऱ्याला ओळखतही नाही. मी ही गोष्ट कितीतरी वेळा ऐकली होती, पण यातलं विचित्रपण कधी जाणवलं नव्हतं.

वैष्णव आचार्यांनी याचं उत्तर दिलंय. सगळे अवतार सारखे नसतात. राम आणि कृष्ण म्हणजे स्वतः भगवंत. परशुराम हा आवेशावतार. ‘आवेश’ इथे रागाच्या अर्थाने नाही, शिरण्याच्या अर्थाने. एका माणसात ठरावीक कामापुरती देवाची शक्ती शिरते आणि काम झालं की निघून जाते. रस्त्यावर नेमकं तेच झालं. तेज गेलं आणि मागे उरला तो जमदग्नीचा मुलगा. आवेशावताराच्या बाबतीत तरी अवतार ही ओळख नसते, ती जबाबदारी असते आणि ती संपू शकते.

मित्राच्या धर्मात अशी भेट होऊच शकत नाही. सन 451 मध्ये, आजच्या इस्तंबूलमधल्या खाल्केदोन इथे बिशपांची मोठी परिषद भरली. तिने ठरवलं की येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही आहे. दोन्ही स्वभावांची मिसळ झालेली नाही, ते वेगळेही काढता येत नाहीत, आणि व्यक्ती एकच. त्याआधी काही जण म्हणत होते की शरीर नुसतं दिसत होतं, खरं नव्हतं. काही म्हणत होते की साध्या माणसात नंतर देवाची शक्ती आली. चर्चने दोन्ही मतं चूक ठरवली. यातलं दुसरं मत आपल्या आवेशावताराच्या किती जवळ आहे, बघा. मी ‘अवतार’ म्हटलं तेव्हा मित्राला नकळत तेच ऐकू आलं असेल, जे त्यांनी सोळाशे वर्षांपूर्वी नाकारलंय.

फरक फक्त ‘एकदाच की अनेकदा’ एवढा नाही. तो मृत्यूतही आहे. अवतार मरत नाहीत, असं मी मित्राला म्हणणार होतो, पण ते चूक ठरलं असतं. महाभारतात कृष्णाच्या पायाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागतो, आणि पुढे अर्जुन त्याचे अंत्यसंस्कार करतो. पण कृष्णाचं काम तोवर संपलेलं असतं. मरण ही परत जायची वाट. येशूच्या बाबतीत क्रूसावरचं मरण हेच काम आहे. ते काढलं तर उतरण्याला अर्थच उरत नाही. आणि पुनरुत्थानानंतरही तो माणूसपण टाकून देत नाही. वेष उतरवून ठेवता येतो, पण तिथे वेषच नाही.

सोपाऱ्यातच तिसरी बाजूही सापडली. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. आत दगडी करंडक होता, आणि त्यात भिक्षापात्राचे तुकडे व बुद्धांच्या आठ छोट्या ब्राँझ मूर्ती. सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी पुढे येणाऱ्या मैत्रेयाची. यादी दशावतारासारखीच वाटते, शेवटचा अजून यायचा आहे हेही तसंच. पण इथे कुणी देव खाली उतरत नाही. दर वेळी माणूसच वर चढतो, जागा होतो.

आणि याच बुद्धाला आपण नववा अवतार करून टाकलं. कशासाठी, तेही भागवत पुराणात आहे. देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी, म्हणजे भुलवण्यासाठी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या घरी डॉ. आंबेडकरांनी 1956 मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, अशी त्यात एक प्रतिज्ञा आहे. लहानपणी मला ती जरा कडवट वाटायची. ज्या घरात जागा दिली ती फसवणाऱ्याची दिली, तिथे राहायला नकार देण्यात कडवटपणा कसला?

मग ‘येशूही अवतारच’ म्हणण्यात गैर ते काय? माझ्या बाजूने ते प्रेमच होतं. पण मी त्याला माझ्या यादीत बसवत होतो, आणि यादी बनवणारा मीच राहत होतो. त्याच्या देवाला विचारायचे प्रश्नही मीच ठरवत होतो. तो म्हणतो तो देव एकदाच आला आणि माणूस होऊन राहिला. मी म्हणतो तो गरज पडेल तेव्हा पुन्हा येतो, कधी पूर्ण तर कधी अंशाने. या दोन वेगळ्या आशा आहेत. माझीत एक दिलासा आहे, की आताच्या काळासाठीही कुणी येऊ शकेल. त्याच्यातला दिलासा असा, की दुखणं काय असतं हे देवाला आतून माहीत आहे. दोन्ही आशा एकच आहेत म्हटलं, तर दोन्ही पातळ होतात.

त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "एवढं वाचलंस? मग आता नाताळला घरी ये." मी गेलो. गोठ्यात ठेवलेलं बाळ बघताना ‘आमचा बाळकृष्ण’ असं तोंडावर आलं होतं. ते मी बोललो नाही, आणि त्याला विचारलं, "तुमच्यात याचा अर्थ काय?"