दोन चेहरे, एकच नुस्खा?

"मंडईचं नाटक आहे मॅडम, रात्रीचं कोण एवढं पाहतो?" हे वाक्य पुन्हा माझ्या रंगभूषेच्या वर्गात ऐकू येता कामा नये. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. ती पाहतात म्हणूनच झाडीपट्टीची रंगभूमी उभी आहे. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे चालवून नेलेलं काम चालत नाही. काल मी दहाव्या रांगेत बसले होते. नायिका समोर आली तेव्हा तिचे दोन डोळे मला वेगळे दिसलेच नाहीत, नाकाच्या मुळाशी एक काळी पट्टी तेवढी दिसली. आणि तिच्या मावशीचं काम करणाऱ्या बाईचे डोळे कानांकडे पळत होते. दोघींना तुम्ही एकच रंगभूषा केली, मोबाईलवरच्या एकाच व्हिडिओतली. काहून?

प्रयोग संपल्यावर मी दोघींचे चेहरे धुऊन घेतले आणि मोजपट्टी लावली. हे तुम्ही आधी करायचं होतं. नटीला समोर, दूरच्या एका खुणेकडे पाहायला सांगायचं, मान हलू द्यायची नाही. मग एका डोळ्याची रुंदी आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत मोजायची आणि दोन्ही आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजायचं. मध्ये एक डोळा बसेल एवढी जागा असली की डोळे बेताच्या अंतरावर आहेत असं आपण धरतो. नायिकेच्या डोळ्याची रुंदी ३१ मिलिमीटर निघाली आणि मधलं अंतर २७. मावशीची रुंदी ३० आणि अंतर ३७. एकीचे डोळे जवळ, दुसरीचे लांब. एक-दोन मिलिमीटरचा फरक असता तर मी तुम्हाला काहीच बोलले नसते, तिथे काही करायची गरजच नसते. मोजताना भुवया हाताने झाकायच्या, कारण नजरेला सगळ्यात आधी भुवयाच फसवतात.

आता नायिकेचं काय बिघडलं ते ऐका. पाहणारा दुरून डोळ्यांचे कोपरे पाहत नाही. त्याला काळे भाग दिसतात आणि त्या काळ्या भागांमधलं अंतर तो डोळ्यांमधलं अंतर समजतो. त्यात रंगमंचावरचा दिवा वरून येतो, त्यामुळे भुवईखाली, नाकाच्या बाजूच्या खोबणीत आपोआपच सावली पडते. तिथे तुम्ही काजळ आतल्या टोकापर्यंत भरलं, नाक सरळ दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना तपकिरी रेघा थेट डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढल्या, आणि भुवया पेन्सिलने आत वाढवल्या. तिच्या भुवयांमध्ये मुळातच २२ मिलिमीटर जागा होती, तुम्ही ती १८ वर आणली. जिथून काळं काढायचं तिथेच काळं ओतलं.

तिच्या भुवया कुठून सुरू व्हायला हव्या होत्या? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या सरळ वरून, किंवा त्याच्याही एक मिलिमीटर बाहेरून. म्हणजे मधली जागा २९ च्या आसपास. पण धागा हातात घेऊन दोन्हीकडचे साडेतीन मिलिमीटर उपटून टाकायचे नाहीत. उद्या तिला दुसऱ्या नाटकात म्हातारी करायची आहे, आणि उपटलेली भुवई त्याच जाडीची परत येईलच असं नाही. मधले सुटे केस तेवढे काढा. उरलेल्या टोकावर त्वचेच्या रंगाचं कन्सीलर हलक्या हाताने दाबा आणि पावडरने बसवा. भुवईची शेपटी मात्र दोन-तीन मिलिमीटर बाहेर लांबवा. फार मागेही जाऊ नका. मधली जागा जास्त मोकळी झाली की नाकाचं मूळ रुंद दिसायला लागतं, आणि मग तुम्ही पुन्हा नाकावर रेघा ओढत बसाल.

लायनरचा आतला तिसरा हिस्सा तिच्यासाठी कोरा ठेवायचा. बुबुळाच्या आतल्या कडेच्या वरून केसासारखी बारीक रेघ सुरू करायची, बाहेर जाताना जाड करायची आणि बाहेरच्या कोपऱ्यापुढे चार-पाच मिलिमीटर न्यायची, जवळजवळ आडवी. शेपटी एकदम वर उचलली तर डोळा वर ओढल्यासारखा दिसतो, बाजूला सरकत नाही. खाली काजळ फक्त बाहेरच्या अर्ध्यात. गडद शेड बाहेरच्या तिसऱ्या हिस्स्यात लावून कानशिलाकडे विरवायची, आणि आतल्या कोपऱ्यावर तिच्या त्वचेपेक्षा एक-दोन छटा उजळ, चमक नसलेली शेड. चमकीची घेऊ नका. घाम आला की ती दिव्याखाली ओल्या डागासारखी दिसते. खोट्या पापण्या अर्ध्या कापून बाहेरच्या बाजूलाच चिकटवा. नाकाची सावली हवीच असेल तर ती डोळ्याच्या कोपऱ्याच्या बरीच खाली थांबवा.

मावशीसाठी यातलं जवळजवळ सगळं उलट आहे, आणि तिलाही तुम्ही तीच बाहेर लांब शेपटी काढून दिलीत! तिच्या भुवया कोपऱ्याच्या रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर आतून सुरू करा, पण एकेक केस काढल्यासारख्या बारीक रेघांनी. ठोकळा भरलात तर बाई रागावलेलीच दिसेल. तिचा लायनर अगदी आतल्या टोकापासून निघेल आणि बाहेरच्या कोपऱ्यावर संपेल. मध्यम गडद शेड नाकालगतच्या खोबणीत जाईल, बाहेरची बाजू हलकी राहील. तिची टिकलीही मोठी आणि गोल घ्या, मधली रिकामी जागा ती भरून काढते. नायिकेला मात्र छोटी टिकली, भुवयांच्या ओळीपेक्षा जरा वर.

काम झाल्यावर आरशाशी नाक लावून पाहण्यात अर्थ नाही. नटीला दिव्याखाली उभं करा, दहा पावलं मागे जा आणि डोळे अर्धे मिटून पाहा. बारीकसारीक पुसलं जाईल आणि काळे भाग तेवढे उरतील. ते जवळ आलेत की लांब गेलेत, हे तेव्हाच कळतं. मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढला तरी चालेल. हा सगळा खेळ समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यापुरता आहे, हेही ध्यानात ठेवा. नटी बाजूला वळली की अंतराचा प्रश्नच उरत नाही, आणि तिथे ती लांब आडवी शेपटी उलट डोळ्यांत भरते. म्हणून दिग्दर्शकाला आधी विचारा की तिचे मोठे प्रवेश कोणत्या तोंडाने आहेत. बहुतेक बाजूनेच असतील तर शेपटी दोन मिलिमीटरवर आणा.

आणि दोघींच्या डोळ्यांत एकच काजळपेन्सिल फिरवलीत, ती मी पाहिली. एकीला डोळे आले तर आठवड्यात दुसरीलाही येतील आणि ऐन हंगामात दोन प्रयोग बंद पडतील. प्रत्येकीची पेन्सिल वेगळी, नावाची चिठ्ठी लावून.

शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट झाली. खुर्चीत बसलेल्या नायिकेला तुमच्यापैकी एकीने सांगितलं, "तुझे डोळे खूप जवळ आहेत, म्हणून नीट बसत नाही." त्यानंतर पहिल्या अंकात ती प्रेक्षकांकडे मान वर करून बोललीच नाही. तिच्या चेहऱ्यात कसलीच खोट नव्हती, चूक तुमच्या हाताची होती. मोजमाप वहीत लिहायचं असतं, नटीच्या तोंडावर बोलायचं नसतं. आज दुपारी ती तालमीला येणार आहे. जी हे बोलली, तिने आधी तिची माफी मागायची, मग मोजपट्टी काढायची.