पाहुण्यांच्या खोलीतली कोरियन चिठ्ठी

पुणे जिल्ह्याला कोरियन पाहुणे आता नवे राहिलेले नाहीत. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने 2023 मध्ये केला, घाट उतरून माणगावकडे गेले की विळे-भागाडला पोस्को आहे. अशा मोठ्या कंपन्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे येतात आणि त्यांच्याशी भागीदारी करू पाहणारे आपले उद्योजकही असतात. सोलहून कोणी वरिष्ठ यायचे ठरले की गाडी, हॉटेल, जेवणाची व्यवस्था होते आणि कोणाच्या तरी मनात येते की खोलीत फळांच्या परडीशेजारी कोरियन भाषेत स्वागताची चिठ्ठी ठेवावी. कल्पना चांगली आहे. मात्र ती चिठ्ठी हॉटेलच्या तयार इंग्रजी मजकुराचे भाषांतर करून बनवली, तर ती न ठेवलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

अशी एक चिठ्ठी डोळ्यांपुढे आणू. इंग्रजी मजकूर नेहमीचाच: प्रिय श्री. पाक, आमच्या शहरात आपले स्वागत आहे, आपला मुक्काम आनंदाचा होवो, खाली व्यवस्थापकाचे नाव. त्याचे शब्दशः कोरियन केले की साधारण असे होते: ‘चिनेहानुन पाक श्शी, तांगशिनला आमच्या शहरात या म्हणतो’. यात व्याकरणाची चूक शोधायला गेलात तर फारशी सापडणार नाही. तरीही एखाद्या कोरियन कंपनीतला पन्नाशीचा विभागप्रमुख ती वाचून अवघडेल, कारण पहिल्याच ओळीत त्याला खालच्या पायरीवर बसवले आहे. ‘श्शी’ हे आदरार्थी असल्याचे शब्दकोश सांगतो आणि पूर्ण नावापुढे, बरोबरीच्या माणसासाठी ते चालतेही. पण नुसत्या आडनावाला ‘श्शी’ जोडले की सूर बदलतो. मालकाने कामावरच्या माणसाला हाक मारावी तसा तो ऐकू येतो. ‘तांगशिन’चेही तसेच. ‘तुम्ही’ म्हणून तो शब्द यंत्र सहज काढून देते, पण कोरियन माणूस तो एक तर नवरा-बायकोच्या बोलण्यात ऐकतो, जाहिरातीत वाचतो किंवा रस्त्यावरच्या भांडणात. मानाच्या माणसाला उद्देशून ‘तुम्ही’ या अर्थाचे सर्वनाम कोरियन माणूस वापरतच नाही. तो हुद्दा पुन्हा उच्चारतो, नाही तर कर्ता गाळूनच वाक्य पुरे करतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘रा. रा.’ असा मायना लिहिल्याशिवाय आपल्याकडेही पत्र सुरू होत नसे, आणि मायना चुकला तर पुढचे चांगले शब्दही वाया जात. कोरियन भाषेत हा मायना पत्राच्या डोक्यावर थांबत नाही, तो प्रत्येक क्रियापदाच्या शेपटापर्यंत उतरतो. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, दोघांत वर कोण, हे ठरवल्याशिवाय वाक्य संपवताच येत नाही. इंग्रजी मजकुरात ही माहितीच नसते, त्यामुळे भाषांतर करणारा माणूस असो वा यंत्र, त्याला ती अंदाजाने भरावी लागते. दोष भाषांतरकाराच्या कौशल्यात शोधण्याआधी आपण त्याला काय सांगितले होते, हे विचारायला हवे.

म्हणून चिठ्ठीचे काम लेखणी उचलण्याआधी दोन-तीन दिवस सुरू होते. पहिला प्रश्न नावाचा. आपल्या हातात असते ते रोमन लिपीतले नाव, ईमेलमधले किंवा पासपोर्टच्या प्रतीतले, आणि त्यावरून मूळ कोरियन अक्षरे खात्रीने सांगता येत नाहीत. एस-यू-एन असे लिहिलेले अक्षर मुळात ‘सॉन’ असू शकते किंवा ‘सुन’. जे-यू-एन-जी हे आडनाव असेल तर ते बहुधा ‘जॉङ’, पण तीच अक्षरे नावात आली तर ‘जुङ’ही असू शकतात. अंदाजाने लिहिलेले नाव म्हणजे दुसऱ्याच कोणाचे तरी नाव. उपाय साधा आहे: मागच्या भेटीत मिळालेले व्हिजिटिंग कार्ड काढावे, त्याच्या एका बाजूला कोरियन नाव बहुधा असते. नसेल तर पाहुण्यांच्या कार्यालयातल्या सहायकाला सरळ विचारावे. नाव नीट लिहायचे आहे म्हणून विचारले, याचा कोणालाही राग येत नाही.

दुसरा प्रश्न हुद्द्याचा. कोरियन कंपनीतली जुनी शिडी देरी, ग्वाजांग, चाजांग, बुजांग अशी वर चढत जाते, त्यापुढे संचालक मंडळाजवळचे सांगमू, जॉन्मू येतात. पत्राच्या सुरुवातीला पूर्ण नाव, मग हुद्दा, हुद्द्याला चिकटून ‘निम’ आणि शेवटी ‘यांस’ या अर्थाचा आदरार्थी प्रत्यय ‘क्के’. आडनाव व नाव जोडून लिहायचे, हुद्दा त्यांच्यापासून सुटा, हा तिथल्या शुद्धलेखनाचा नियमच आहे. अडचण अशी की ही शिडी आता सगळीकडे तशीच राहिलेली नाही. ह्युंदाई मोटरने 2019 मध्ये मधल्या पायऱ्या एकत्र करून ‘मॅनेजर’ आणि ‘जबाबदार मॅनेजर’ अशी दोनच नावे ठेवली, काही कंपन्यांनी नावापुढे नुसते ‘निम’ लावण्याची पद्धत आणली. तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या कार्डावरचा हुद्दा आज खरा असेलच असे नाही, आणि दरम्यान बढती झाली असेल तर जुना हुद्दा लिहिणे अधिकच वाईट. पाहुण्यांच्या हाताखालची माणसे त्यांना ईमेलमध्ये काय म्हणतात ते पाहावे. तोच सर्वांत भरवशाचा पुरावा.

तिसरा प्रश्न आपल्याच बाजूचा आहे आणि तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: चिठ्ठी कोणाची? हॉटेलची असेल तर पाहुण्यांना ‘गोगेक-निम’, म्हणजे ग्राहक महोदय, म्हटलेले चालते. भागीदार कंपनीने तोच शब्द वापरला तर नाते एकदम दुकान आणि गिऱ्हाईक असे होऊन बसते. माझा आग्रह असा की चिठ्ठी भागीदाराने स्वतःच्या नावाने द्यावी. हॉटेलला त्या माणसाशी बोलण्यासारखे काही नसते, आपल्याला असते.

एवढे हाताशी आले की मजकूर छोटाच होतो. समजा, पाहुणे बुजांग आहेत आणि चिठ्ठी आपल्या कंपनीतल्या प्रशासन विभागाच्या व्यवस्थापकाकडून जाते आहे. पहिल्या ओळीत नाव, हुद्दा, निम-क्के. मग ‘अन्न्यॉङहाशिम्निक्का’, हा औपचारिक नमस्कार. पुढे, इतक्या लांबून आलात याबद्दल मनापासून आभार. इथे ‘सुगो’ हा कष्ट या अर्थाचा शब्द घालून ‘तुम्हाला फार कष्ट पडले’ असे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. वडीलधाऱ्यांना आणि वरिष्ठांना उद्देशून तो वापरू नये, असे तिथल्या भाषाशिष्टाचारात सांगितले जाते. आभार मानणे सर्वांत निर्धोक. नंतर, मुक्कामात निवांत विश्रांती घ्यावी अशी इच्छा. तीही क्रियापदाने लिहावी: ‘आराम करावा’, क्रियापदात आदराचा ‘शी’ घालून. ‘आनंदाचा मुक्काम व्हा’ अशा घाटाचे वाक्य कोरियात सर्रास ऐकू येते, पण त्यात माणूसच मुक्काम होऊन बसतो, म्हणून काळजीने लिहिणारे ते टाळतात. शेवटी उद्याची भेट: सकाळी 9 वाजता लॉबीत भेटतो. या ‘भेटतो’साठी वेगळे नम्र क्रियापद आहे, ‘ब्वेप्ता’, आणि वाक्यातला सगळा आदर त्या एका जागी आपोआप येतो. स्वतःच्या कंपनीबद्दल बोलायचे झाले तर ‘उरी’ऐवजी ‘जॉही’, म्हणजे नम्र ‘आम्ही’.

सही करताना मात्र क्रम उलटतो. पाहुण्यांचे नाव आधी आणि हुद्दा मागून आला होता. स्वतःचा हुद्दा आधी लिहायचा आणि नाव मागून. नावामागे हुद्दा लावणे हा दुसऱ्याने द्यायचा मान आहे, तो स्वतःच घेतला तर वाचणाऱ्याला खटकते. नावानंतर ‘दुरिम’, म्हणजे ‘सादर’, आणि चिठ्ठी संपली.

आदर कमी पडण्याची भीती इतकी असते की काही जण तो सगळीकडे ओततात. मग ‘नाश्ता सात वाजल्यापासून असतो’ या वाक्यातल्या नाश्त्यालाही आदरार्थी क्रियापद मिळते. कोरियात कॉफीच्या दुकानांतून ‘आपली कॉफी आल्या आहेत’ अशा घाटाची वाक्ये इतकी वाढली की राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेला त्यांविरुद्ध सांगावे लागले. आदर माणसाच्या कृतीला द्यायचा, त्याच्या नाश्त्याला नाही. चिठ्ठीत असे वाक्य दिसले की ती पाठ केलेल्या साच्यातून आली आहे, हे कोरियन वाचक ओळखतो.

चिठ्ठी बरोबर आहे हे तपासायचे कसे? बहुतेक कार्यालयांत कोरियन मजकूर पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहतात आणि अर्थ जुळला की निर्धास्त होतात. ही तपासणी इथे कुचकामी आहे. वर ज्या बिघडलेल्या चिठ्ठीचे उदाहरण घेतले, ती उलटवली की ‘प्रिय श्री. पाक, आपले स्वागत आहे’ असे निर्मळ इंग्रजी परत मिळते. चूक नात्याची होती आणि इंग्रजीत ती दिसायला जागाच नाही. खरी चाचणी एकच: एखाद्या कोरियन माणसाला काही न सांगता चिठ्ठी द्यावी आणि हे कोणी कोणाला लिहिले असेल, असे विचारावे. त्याचे उत्तर आपल्या मनातल्या नात्याशी जुळले तर पुढे जावे. पुण्यात कोरियन कुटुंबे राहतात, भाषा शिकवणारेही आहेत. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याचे मानधन द्यावे.

छपाईतही एक-दोन गोष्टी घात करतात. कोरियन फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात, म्हणून हॉटेलला फाँट आत बसवलेली पीडीएफच पाठवावी आणि कार्डाचा छापील नमुना स्वतः पाहावा. ओळ संपताना संगणक शब्द कुठल्याही अक्षरावर तोडू शकतो, तेव्हा पाहुण्यांचे नाव दोन ओळींत फुटलेले नाही ना, हे बघावे. लाल शाई नको. जिवंत माणसाचे नाव लाल रंगात लिहिणे कोरियात अशुभ मानतात. हाताने लिहायची हौस असेल तर आधी सराव हवा, कारण उभ्या रेघेच्या डावीकडची बारीक आडवी रेघ उजवीकडे गेली की ‘जॉङ’ आडनावाचे ‘जांग’ होते, आणि ही दोन्ही कोरियातली नेहमीची आडनावे आहेत. मजकूर छापील आणि खाली आपली देवनागरीतली सही, ही जोडी मला जास्त प्रामाणिक वाटते.

प्रामाणिकपणाचा एक मुद्दा अजून आहे. इतकी नीट कोरियन चिठ्ठी वाचल्यावर इथे आपली भाषा बोलणारे कोणी आहे, असे पाहुण्यांनी समजणे स्वाभाविक आहे. रात्री अकराला त्यांचे पोट बिघडले आणि त्यांनी चिठ्ठीवरच्या क्रमांकावर कोरियनमध्ये बोलायला सुरुवात केली, तर पलीकडे कोण असणार? म्हणून शेवटच्या ओळीत एक मोबाइल क्रमांक द्यावा आणि त्यावर कोणत्या भाषेत, किती वाजेपर्यंत बोलता येईल, हे कोरियनमध्येच लिहावे. दुभाषा फक्त बैठकीपुरता असेल तर तेही तसेच सांगावे.