समाचाराला लांबून

काका पहाटे गेले, दुपारी सांगलीत अग्नी दिला. नेवार्क ते मुंबई विमानालाच १५ तास लागतात, म्हणजे पोहोचणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी ताईला फोन केला. ती काकूजवळच होती.

“ताई, काकूला व्हिडिओ कॉल लावून देतेस?”

“आज नको. सकाळपासून तिघांनी लावला. समाचाराला आलेलं माणूस शेजारी नुसतं बसतं, ते चालतं. फोनवर दोन क्षण गप्प राहिलं की पलीकडून ‘आवाज येतोय का?’ सुरू होतं. मग हीच बिचारी सांगते, ‘येतोय रे, बोल.’ आणि संपवायचं कसं? आपल्यात अशा घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत, गुपचूप निघतात. फोन मात्र कुणाला तरी बंद करावा लागतो.”

“मग पत्र लिहितो.”

“लिही. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी बघायला नको म्हणून लिहिणार असशील, तर नको.”

हे लागलं, कारण त्यात तथ्य होतं. पत्रात मी वाक्य खोडू शकतो. समोर रडणाऱ्या माणसाला मात्र माझं चाचरणंही मिळतं, आणि ते मिळायला हवं, असं मला अजूनही वाटतं.

“पत्र पोचेपर्यंत तेरावा होऊन जाईल.”

“तेच बरं. आत्ता घर भरलंय. तेराव्यानंतर पाहुणे पांगतील, दुपारी ती एकटी असेल. तेव्हा फोन कर, रोज केलास तरी चालेल. लिहिणार काय पण?”

“२००५च्या पुराचं. पाणी पायरीला लागलं होतं तेव्हा काकांनी मला फोन केला होता. म्हणाले, ‘तुझ्या काकूला धीर देतोय, पण मलाच भीती वाटतेय.’ तिला सांगू नकोस म्हणाले होते.”

ताई जरा वेळ बोललीच नाही.

“त्यांचा शब्द मोडेल,” मी म्हणालो.

“ती घाबरू नये म्हणून घेतलेला शब्द तो. पूर ओसरला, तेही गेले. येणारा प्रत्येक जण तिला ‘फार धीराचा माणूस’ एवढंच सांगतोय, आणि ते तिला ठाऊक आहेच. तिला माहीत नसलेले काका आता तुझ्याकडूनच कळतील.”

“आणि तिला वाईट वाटलं तर? एवढी वर्षं लपवलं म्हणून?”

“वाटेल कदाचित. म्हणून हे पहिल्या ओळीत नको. आधी तुझं येणं का जमलं नाही ते एका वाक्यात सांग, सबबी नकोत. मग पूर. ‘आत्म्यास शांती लाभो’ वगैरे छापील कार्डांवर येतंच. आणि मोठ्या अक्षरात लिही, तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. दुसऱ्या कुणी वाचून दाखवण्यापेक्षा तिचं तिलाच वाचता आलं पाहिजे.”

“पाकीट तुझ्या पत्त्यावर पाठवू?”

“नाही, तिच्याच. आणि सवयीनं वर काकांचं नाव घालशील, ते बघ.”